पुरवठादाराचा ऑडिट रिपोर्ट कसा वाचावा: खानापूर भागातल्या एका पतसंस्थेचे उदाहरण घेऊन

गेल्या जानेवारीत खानापूर तालुक्यातल्या एका सौहार्द पतसंस्थेच्या संचालक मंडळाने मला बोलावले. चार शाखा, बाजारात रोज फिरणारे बारा पिग्मी एजंट आणि बारा वर्षांपूर्वीचे, एका जुन्या संगणकावर चालणारे सॉफ्टवेअर. आता सगळे क्लाउडवर न्यायचे ठरले होते. पिग्मीची पावती मोबाइलवर, खाती, सोनेतारण आणि सभासदांचे आधार-पॅन हे सगळे एकाच पुरवठादाराकडे जाणार होते. मॅनेजरांनी माझ्यासमोर प्रिंटआउटचा गठ्ठा ठेवला आणि म्हणाले, "सर, आयएसओ आहे, सॉक टू आहे, सगळी सर्टिफिकेटं आहेत की. ठराव करून टाकू काय?"

गठ्ठा दोनशे पानांच्या आसपास होता. तो कुणी वाचला नव्हता, आणि त्यात मॅनेजरांचा काही दोष नाही. हे रिपोर्ट अमेरिकी हिशेबनीसांच्या भाषेत लिहिलेले असतात. पण त्या गठ्ठ्यातच ठरावाआधी कळायला हव्यात अशा काही गोष्टी होत्या. त्या कशा सापडल्या, हे इथे क्रमाने सांगतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात कितीतरी संस्था हाच व्यवहार करत आहेत, आणि सभासदाची माहिती बाहेर गेली तर तो पुण्या-बेंगळुरूच्या कंपनीकडे जाणार नाही. तो आपल्या शाखेच्या काउंटरवर येईल.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्यावी. पुरवठादाराने जे करतो म्हणून सांगितले ते तो खरोखर करतो का, एवढेच ऑडिट रिपोर्ट सांगतो. त्याने सांगितलेले आपल्या कायदेशीर जबाबदारीला पुरे पडते का, हे रिपोर्ट सांगत नाही आणि सांगू शकतही नाही, कारण ऑडिटरला आपली संस्था माहीतच नसते. ते मोजमाप आपल्यालाच करावे लागते.

रिपोर्ट उघडण्याआधी एक पान लिहा

म्हणून पहिले काम रिपोर्टबाहेरचे आहे. एक कोरा कागद घ्या आणि आपल्यावर काय बंधनकारक आहे ते लिहा. आमच्या पानावर शेवटी पाचच ओळी राहिल्या.

पहिली ओळ लॉगची. कोण कधी आत आले, काय बदलले, याच्या नोंदी म्हणजे लॉग. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्या नियमांत लॉग निदान एक वर्ष ठेवायला सांगितले आहे. मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत आहे, म्हणजे मे २०२७ पर्यंत वेळ आहे. पण सॉफ्टवेअरचा करार पाच वर्षांचा असतो, त्यामुळे एक वर्षाचाच आकडा धरायचा.

दुसरी ओळ घटनेची खबर देण्याची. सायबर घटना लक्षात आल्यापासून, किंवा कुणी लक्षात आणून दिल्यापासून, ६ तासांत सर्ट-इनला कळवायचे. नव्या नियमांप्रमाणे डेटा फुटला तर सभासदांना आणि डेटा संरक्षण मंडळाला विनाविलंब कळवायचे, आणि मंडळाला सविस्तर माहिती ७२ तासांत द्यायची.

तिसरी ओळ डेटा कुठे राहतो याची. इथे गोंधळ होतो. २०२३ चा कायदा डेटा परदेशात न्यायला सरसकट बंदी करत नाही. सरकार ज्या देशांवर निर्बंध घालेल तिथे नेता येत नाही, एवढेच तो म्हणतो. मात्र आमची संस्था एका बँकेच्या आधाराने सभासदांना आरटीजीएस-एनईएफटी देते, आणि त्या बँकेबरोबरच्या करारात ग्राहकांचा डेटा भारतातच ठेवण्याचे कलम आहे. पतसंस्थेवर रिझर्व्ह बँकेची थेट देखरेख नसली तरी तिचे नियम अशा करारांच्या वाटेने आपल्यापर्यंत येतात. म्हणून कायद्याची पुस्तके बघायच्या आधी संस्थेच्या कपाटातले करार काढून वाचा.

चौथी ओळ प्रवेशाची: सभासदांची माहिती कुणाकुणाला दिसते, आणि माणूस नोकरी सोडून गेला की त्याचा प्रवेश कधी बंद होतो. पाचवी ओळ निरोपाची: उद्या पुरवठादार बदलला तर डेटा परत मिळेल का, आणि त्याच्याकडची प्रत पुसली जाईल का.

पानाच्या तळाशी मी एक वाक्य लिहून ठेवतो. २०२३ च्या कायद्याच्या कलम ८ प्रमाणे डेटावर प्रक्रिया करणारा दुसराच कुणी असला तरी जबाबदारी डेटा गोळा करणाऱ्या संस्थेची राहते. चेअरमनांना मी ते वाक्य दोनदा वाचून दाखवले.

कागद कुणाच्या नावाचा आहे?

आता गठ्ठा. सगळ्यात वर आयएसओ २७००१ या माहिती सुरक्षेच्या मानकाचे सुंदर छापलेले प्रमाणपत्र होते. ते पुरवठादाराचे नव्हतेच. पुरवठादार ज्या मोठ्या क्लाउड कंपनीची जागा भाड्याने घेतो, तिचे होते. ही चूक इतक्या वेळा दिसते की आता मी सगळ्यात आधी नावच बघतो. इमारत मजबूत असल्याचा दाखला भाडेकरूच्या दाराला कुलूप आहे की नाही ते सांगत नाही. सॉफ्टवेअर लिहिणारे, डेटाबेस हाताळणारे आणि मदतीसाठी आपल्या खात्यात शिरणारे लोक पुरवठादाराचे असतात, क्लाउड कंपनीचे नव्हे.

पुरवठादाराला सांगितल्यावर त्याचे स्वतःचे प्रमाणपत्र आले. त्यावर पाच गोष्टी बघायच्या.

कंपनीचे कायदेशीर नाव आपण करार करणार त्याच कंपनीचे आहे का? नावातल्या एका शब्दाच्या फरकाने ती वेगळी कंपनी असू शकते. मग आवृत्ती. मानकाची २०१३ ची आवृत्ती बाद झाली आहे आणि तिच्यावरून २०२२ च्या आवृत्तीवर यायची मुदत ३१ ऑक्टोबर २०२५ ला संपली. जुन्या आवृत्तीच्या प्रमाणपत्रावर पुढची तारीख छापलेली असली तरी ते आता चालत नाही. मग तारखा. प्रमाणपत्र तीन वर्षांचे असते आणि मधल्या वर्षांत देखरेख ऑडिट होते, त्याचा अलीकडचा पुरावा मागा. मग प्रमाणपत्र देणारी संस्था. प्रमाणपत्र आयएसओ स्वतः देत नाही, प्रमाणन संस्था देतात, आणि त्या संस्थांना भारतात एनएबीसीबी किंवा ब्रिटनमध्ये यूकेएएस यांसारख्या मंडळाची मान्यता हवी. त्या मंडळाचे चिन्ह प्रमाणपत्रावर असते. नसले तर ते कुणीही छापून दिलेले असू शकते. तपासायला `iafcertsearch.org` वर कंपनीचे नाव घालून बघता येते.

पाचवी गोष्ट सर्वात महत्त्वाची: व्याप्तीची ओळ. आमच्या प्रमाणपत्रावर ती एका वाक्यात होती. सॉफ्टवेअर विकसित करणे आणि ग्राहकांना मदत करणे, अमुक पत्त्यावरच्या कार्यालयातून. क्लाउडवर सेवा चालवणे, म्हणजे होस्टिंग, त्यात नव्हते. प्रमाणपत्र खरे होते, चालू होते, मान्यताप्राप्त होते, आणि आपण ज्या कामाचे पैसे देणार त्याबद्दल गप्प होते.

अशा वेळी पुरवठादाराकडे लागूपणाचे निवेदन, म्हणजे स्टेटमेंट ऑफ ॲप्लिकेबिलिटी, मागावे. प्रमाणपत्रावर त्याचा आवृत्ती क्रमांक असतो. मानकाच्या जोडपत्रात ९३ नियंत्रणे आहेत, आणि त्यांपैकी कोणती स्वीकारली, कोणती गाळली आणि का, हे त्यात लिहावे लागते. सगळे वाचायची गरज नाही. लॉगसाठी ८.१५, बॅकअपसाठी ८.१३, माहिती पुसण्यासाठी ८.१० आणि क्लाउड सेवांसाठी ५.२३ एवढे बघा. पण तिथेही लॉग किती दिवस ठेवायचे हा आकडा मानकात नाही. तो कंपनीने स्वतः ठरवायचा असतो. म्हणून आपल्या पहिल्या ओळीचे उत्तर आयएसओच्या कागदात सहसा मिळत नाही.

सॉक टूचा रिपोर्ट कोणत्या क्रमाने उघडावा

गठ्ठ्यातला जाड कागद हा होता. सॉक टू हे प्रमाणपत्र नाही. अमेरिकेतल्या एआयसीपीए या हिशेबनीसांच्या संस्थेने ठरवलेल्या निकषांवर स्वतंत्र ऑडिटरने दिलेला तो अभिप्राय आहे. तो सगळ्यांसाठी नसतो, गोपनीयतेच्या करारानंतर मिळतो आणि बहुधा प्रत्येक पानावर आपल्या संस्थेचे नाव उमटवलेले असते. संचालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो टाकू नका.

प्रकार एक की प्रकार दोन, हे मुखपृष्ठावरच कळते. प्रकार एक म्हणजे एका दिवशी नियंत्रणे नीट आखलेली होती. प्रकार दोन म्हणजे ठरावीक काळभर ती चाललीही. निर्णयासाठी प्रकार दोनच उपयोगी. आमचा प्रकार दोन होता, काळ १ ऑक्टोबर २०२४ ते ३० सप्टेंबर २०२५. मुखपृष्ठावरच निकषांचे गटही असतात. एकूण पाच: सुरक्षा, उपलब्धता, गुप्तता, प्रक्रियेची अचूकता आणि खासगीपणा. यातला सुरक्षा सक्तीचा, बाकीचे पुरवठादार निवडतो. आमच्या रिपोर्टात सुरक्षा आणि उपलब्धता दोनच होते. म्हणजे डेटा पुसण्याची तपासणी, जी गुप्ततेच्या गटात C1.2 या निकषाखाली होते, ती झालीच नव्हती. आमच्या पाचव्या ओळीसमोर मी लगेच "पुरावा नाही" लिहिले.

पुढे पहिल्या पानापासून वाचत बसू नका, दमून जाल. आधी पीडीएफमध्ये हे शब्द शोधा:

```
except for
carve-out
exceptions noted
user entity
retain
notify
```

पहिला शब्द ऑडिटरच्या अभिप्रायात सापडतो का ते बघा. सापडला तर अभिप्राय सशर्त आहे. त्याला इंग्रजीत क्वालिफाइड म्हणतात, आणि हा शब्द फसवतो. आपल्याकडे क्वालिफाइड माणूस म्हणजे शिकलेला, लायक. इथे उलटे आहे. अनक्वालिफाइड अभिप्राय चांगला आणि क्वालिफाइड म्हणजे काही ठिकाणी नियंत्रण चाललेच नाही. मॅनेजर हसून म्हणाले, "म्हणजे आम्ही उलटंच धरून बसलेलो की." आमचा अभिप्राय स्वच्छ होता. पण तेवढ्यावर थांबायचे नाही, कारण स्वच्छ अभिप्रायाच्या रिपोर्टातही आत त्रुटी असतात. ऑडिटरच्या मते त्या एकूण अभिप्राय बिघडवण्याइतक्या मोठ्या नसतात, एवढाच अर्थ.

दुसरा शब्द सांगतो की पुरवठादाराने खालच्या पुरवठादारांना रिपोर्टातून बाजूला काढले आहे. क्लाउड कंपनीची नियंत्रणे या ऑडिटरने तपासलेली नाहीत, ती आहेत असे गृहीत धरली आहेत. हे गैर नाही, जवळजवळ सगळेच असे करतात. पण मग दोन गोष्टी हव्यात. क्लाउड कंपनीचा स्वतःचा रिपोर्ट, जो पुरवठादाराकडून मागता येतो. आणि पुरवठादार तो दरवर्षी वाचतो याचा पुरावा, जो CC9.2 या निकषासमोर सापडतो.

याच भागात सेवेचे वर्णन असते, आणि तिथे आमची तिसरी ओळ अडली. मुख्य डेटा `ap-south-1` मध्ये होता, म्हणजे मुंबई. बॅकअपची प्रत मात्र `ap-southeast-1` मध्ये जात होती, म्हणजे सिंगापूर. माहितीपत्रकात "डेटा भारतात" असे ठळक छापलेले होते. विक्रेता खोटे बोलत होता असे मला वाटत नाही. त्याला मुख्य डेटाच ठाऊक होता. कायद्याने ही प्रत तिथे चालली असती, पण बँकेच्या करारातले कलम मोडले असते, आणि बँकेने जोडणी काढून घेतली तर खानापुरातल्या सभासदाचा पगार संस्थेच्या खात्यात येणे थांबले असते.

"त्रुटी आढळली नाही" आणि तरी अपुरे

आता रिपोर्टातला सर्वात लांब भाग, चाचण्यांचा तक्ता. एका रकान्यात निकष, दुसऱ्यात पुरवठादाराचे नियंत्रण, तिसऱ्यात ऑडिटरने काय तपासले, चौथ्यात निकाल. बहुतेक लोक चौथा रकाना वरून खाली बघतात, सगळीकडे "त्रुटी नाही" दिसले की समाधानाने मिटतात. वाचायचा तो दुसरा रकाना.

आमच्या रिपोर्टात लॉगसमोर लिहिले होते की धोरणाप्रमाणे ॲप्लिकेशनचे लॉग ९० दिवस ठेवले जातात. ऑडिटरने सेटिंग उघडून बघितले, ९० दिवसच होते, निकाल: त्रुटी नाही. ऑडिटर शंभर टक्के बरोबर. पुरवठादारही शब्दाला जागला. आणि आपली संस्था मात्र १८० दिवसांच्या बंधनात कमी पडली असती. एखाद्या सभासदाने चार महिन्यांनी येऊन "माझ्या खात्यातून कुणी पैसे काढले" असे विचारले असते तर दाखवायला काही नव्हते. सुरुवातीला जे म्हटले ते इथे सगळ्यात स्पष्ट दिसते. तक्त्यातला हिरवा निकाल पुरवठादाराच्या स्वतःच्या धोरणाशी जुळवलेला असतो. कायद्याचा आकडा त्या तक्त्यात कुठेच नसतो.

खबर देण्याचेही तसेच. घटना निश्चित झाल्यापासून ७२ तासांत ग्राहकांना कळवू, असे वर्णनात होते. इथे थोडे बारकाईने बघावे लागते. आपले ६ तास आपल्याला कळल्यापासून मोजतात, त्यामुळे पुरवठादाराने उशिरा सांगितले म्हणून आपण आपोआप नियम मोडला असे होत नाही. पुरवठादारावर सर्ट-इनचे बंधन स्वतंत्रपणे आहेच. पण तीन दिवस आपण अंधारात राहिलो तर त्या तीन दिवसांत पिग्मी एजंटांचे मोबाइल बंद करणे, पासवर्ड बदलणे, सभासदांना सावध करणे, यातले काहीच होणार नाही. शिवाय "निश्चित झाल्यापासून" हा शब्द धोक्याचा आहे. निश्चित कधी झाले हे तेच ठरवणार. करारात "संशय आल्यापासून" हवे.

त्रुटी सापडली तर तिचे वजन कसे करावे

आमच्या रिपोर्टात एक खरी त्रुटी होती, CC6.3 या निकषासमोर. नोकरी सोडलेल्या कर्मचाऱ्यांचा प्रवेश एका कामाच्या दिवसात बंद होतो, असे नियंत्रण. ऑडिटरने २५ जणांचा नमुना घेतला आणि तिघांचा प्रवेश ११ ते ३४ दिवस उशिरा बंद झाला होता.

मंडळातले एक काका लगेच म्हणाले, "मग नकोच हा पुरवठादार." मला तसे वाटले नाही. त्रुटी नसलेला रिपोर्ट बघून मला उलट ऑडिटर किती खोल गेला असेल अशी शंका येते. वजन करायला तीन प्रश्न विचारावेत. हा प्रवेश कशाचा होता, आपल्या सभासदांच्या डेटाबेसचा की कार्यालयातल्या हजेरीच्या प्रणालीचा? उशिराच्या काळात त्या खात्यांतून कुणी आत शिरले का, आणि ते लॉग बघून तपासले का? आणि नंतर पद्धत बदलली का, की फक्त ती तीन खाती बंद केली?

उत्तरे बहुधा रिपोर्टाच्या शेवटच्या भागात, व्यवस्थापनाच्या उत्तरात मिळतात. तो भाग ऑडिटरने तपासलेला नसतो हे लक्षात ठेवा. तो पुरवठादाराचा शब्द आहे, पुरावा नव्हे. आमच्या पुरवठादाराने लिहिले होते की मनुष्यबळ विभागाची यादी आता आपोआप प्रवेशप्रणालीला जोडली आहे. आम्ही पत्र लिहून तिघांच्या प्रवेशाचा तपशील मागितला. दोघांचा फक्त ईमेल होता. तिसरा मदत विभागातला, ग्राहकांची खाती बघू शकणारा. त्याच्या खात्यातून नोकरी सोडल्यानंतर एकदाही लॉगिन झाले नव्हते, आणि लॉगचा उतारा त्यांनी पाठवला. नुसते "काही झाले नाही" असे लिहून आले असते तर मी ते स्वीकारले नसते.

आपल्यावर टाकलेले काम

चौथा शब्द शोधल्यावर एक यादी सापडते, बरेचदा सेवेच्या वर्णनाच्या शेवटी. पुरवठादाराची नियंत्रणे पुरी पडायला ग्राहकाने काय केले पाहिजे त्याची ती यादी. ऑडिटरचा सगळा अभिप्राय ग्राहक हे करतो असे धरून दिलेला असतो. ही यादी कुणी वाचत नाही, आणि नुकसान झाल्यावर पुरवठादाराचा वकील सगळ्यात आधी तीच काढतो.

आमच्या यादीत अकरा कलमे होती. त्यांतल्या दोन कलमांनी आम्हाला रात्रभर बसवले. एक: ग्राहकाने आपल्या वापरकर्त्यांची खाती तयार करणे आणि काम संपताच बंद करणे. आम्ही जुन्या प्रणालीची यादी काढली तर दोन वर्षांपूर्वी काम सोडलेल्या दोन पिग्मी एजंटांची खाती चालू होती. एकाचा पासवर्ड शाखेत सगळ्यांना माहीत होता, कारण सुट्टीवर कुणी गेले की त्याच खात्यातून पावत्या व्हायच्या. पुरवठादाराच्या तीन उशिरांवर आम्ही तासभर बोललो होतो, आणि आमच्याच घरात दोन दारे उघडी होती. दुसरे कलम: वापरकर्त्यांचे हक्क ग्राहकाने दर तिमाहीला तपासणे. त्यासाठी आता सोनेतारण विभागाच्या बाईंना नेमले आहे. दर तिमाहीच्या पहिल्या सोमवारी यादी छापतात, प्रत्येक नावासमोर सही करतात.

याच ठिकाणी एक बाजूची गोष्ट. संमतीची सूचना सभासदाला इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागतो. आपल्या भागात म्हणजे मराठी आणि कन्नड दोन्ही. कोणताही सॉक किंवा आयएसओ रिपोर्ट हे बघत नाही. पुरवठादाराच्या मोबाइल ॲपमध्ये मराठी सूचना यंत्राने केलेली होती आणि एका वाक्याचा अर्थ उलट झाला होता. नंदगडच्या एका निवृत्त शिक्षकांनी ती बसून दुरुस्त केली.

मधले महिने

रिपोर्ट ३० सप्टेंबरला संपला, आपण जानेवारीत वाचत होतो. मधल्या काळासाठी पुरवठादार एक पत्र देतो, की तेव्हापासून मोठा बदल झालेला नाही. हे पत्र त्यानेच लिहिलेले असते, ऑडिटरने नाही. साधारण तीन महिन्यांपुरते ते मानावे. सहा-आठ महिने पत्रावरच चालले असेल तर नवा रिपोर्ट का आला नाही हे विचारा. कधी कधी उत्तर असे असते की ऑडिटर बदलला, आणि मग जुना का सोडला हा पुढचा प्रश्न.

निर्णय आणि करार

शेवटी आमच्या पानावर पाच ओळींसमोर पाच उत्तरे आली. मी ती तीन प्रकारांत वाटतो: करारात कलम घालून भागेल ते, संस्थेने स्वतः करायचे ते, आणि ज्यावर व्यवहार मोडायचा ते.

लॉग करारात गेले: एक वर्ष, आणि मागितल्यावर दोन कामाच्या दिवसांत उतारा. पुरवठादार आधी म्हणाला की सगळ्यांना ९० दिवसच देतो. साठवणीचा जादा खर्च विचारला तर महिन्याला फार मोठा निघाला नाही, आणि तो त्याने स्वतः सोसला. खबर देण्याचे कलम संशय आल्यापासून ४ तास असे झाले, दोन मोबाइल नंबरांसह, कारण मॅनेजर रात्री ईमेल बघत नाहीत. डेटा परत देण्याचे आणि ३० दिवसांत पुसून लेखी दाखला देण्याचेही कलम झाले. त्याबरोबर पुढच्या रिपोर्टात गुप्ततेचा गट घ्यायचे त्यांनी मान्य केले. प्रवेशाची ओळ आमच्या स्वतःच्या कामात गेली.

व्यवहार मोडायचा मुद्दा एकच होता, सिंगापूरची प्रत. बॅकअप हैदराबादला, `ap-south-2` मध्ये, हलवल्याशिवाय सही नाही, असा ठराव झाला. त्यांनी सात आठवडे घेतले. हलवल्याचे सांगणारा ईमेल आला तेव्हा मॅनेजर सही करायला निघालेच होते. मी सेटिंगचा स्क्रीनशॉट मागायला लावला. तो आला तेव्हा नव्या प्रती हैदराबादला जात होत्या, पण जुन्या महिन्यांच्या प्रती अजून सिंगापूरमध्येच होत्या. त्या पुसल्याचा पुरावा आल्यावर, मार्चच्या शेवटी, सही झाली.

पुढचा रिपोर्ट नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास यायला हवा. तो आला की पूर्ण वाचायची गरज नाही. जुना आणि नवा शेजारी ठेवून मुखपृष्ठावरचे गट, ग्राहकावर टाकलेल्या कामांची यादी, CC6.3 ची ओळ आणि लॉगचा आकडा एवढे जुळवायचे. मॅनेजरांनी ते पान लॅमिनेट करून ठरावाच्या फाइलमध्ये लावले आहे, आणि खाली पेनने तारीख लिहिली आहे: १५ डिसेंबरपर्यंत रिपोर्ट न आल्यास पत्र पाठवणे.